अकरा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा दाखला नव्याने लिहून घेताना

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय ९ जुलै २०२४ रोजी निघाला. बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असलेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन देऊन सहा महिने प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकवायचं, असं तिचं स्वरूप होतं. २०२५ मध्ये त्यात आणखी पाच महिन्यांची भर पडली. पाटण तालुक्यातल्या बऱ्याच मुलामुलींनी हे अकरा महिने सरकारी कार्यालयांत, शाळांत, ग्रामपंचायतींत काढले. मोरणा खोऱ्यातून, ढेबेवाडीकडून, कोयनानगरच्या बाजूने रोज एसटीने येऊन त्यांनी टपाल नोंदवलं, नस्त्या लावल्या, माहिती संगणकावर भरली. आता हीच मुलं कराडला, तासवडे एमआयडीसीत, साताऱ्याला, पुण्याला अर्ज करतात, आणि तिथे हातातला अनुभवाचा दाखला अडतो. काम खरं असतं, पण दाखला ढोबळ लिहिलेला असतो आणि त्यातले काही शब्द खरे नसतात. तो बदलून कसा घ्यायचा, ते एका उदाहरणावरून सांगतो. उदाहरणातल्या मुलीचं आणि कार्यालयाचं नाव देत नाही, कारण असाच मजकूर मी अनेक कार्यालयांच्या कागदांवर वाचला आहे.

मुलगी बी.कॉम. झालेली. तालुका पातळीवरच्या एका सरकारी कार्यालयात ती प्रशिक्षणार्थी होती. तिला मिळालेला दाखला असा होता:

"दाखला देण्यात येतो की, कु. (नाव) यांनी आमच्या कार्यालयात सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या कालावधीत संगणक ऑपरेटर म्हणून नोकरी केलेली आहे. त्यांनी कार्यालयाचे सर्व कामकाज अतिशय उत्कृष्टपणे सांभाळले आहे. त्या अत्यंत हुशार, मेहनती व प्रामाणिक असून त्यांचे वर्तन उत्तम आहे. त्यांना उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा."

खाली सही आणि गोल शिक्का होता. जावक क्रमांक नव्हता. सही कोणाची ते कळत नव्हतं.

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ती बदल मागायला गेली तेव्हा लिपिकांशी झालेलं बोलणं तिने सांगितलं. "भाऊसाहेब, 'नोकरी' काढून 'प्रशिक्षण' लिहून द्याल का?" यावर ते म्हणाले, "अगं पोरी, तुझ्या फायद्याचंच लिहिलंय की. प्रशिक्षण लिहिलं तर कोण विचारणार तुला?" त्यांचं चुकतं ते इथेच. नोकरी म्हटलं की पुढचा माणूस नेमणुकीचा आदेश मागतो. मग पदाचं नाव, वेतनश्रेणी किंवा कंत्राट मागतो. यातलं काहीच निघत नाही, आणि मग खऱ्या अकरा महिन्यांवरही संशय बसतो.

आधी कागद जमवा

नवा मसुदा लिहायला बसण्याआधी पाच कागद समोर हवेत. योजनेतून त्या कार्यालयात पाठवल्याचा आदेश. रुजू झाल्याचा अहवाल, म्हणजे पहिल्या दिवशी आपण दिलेला आणि कार्यालयाने आवक करून घेतलेला कागद. वाढीव पाच महिन्यांसाठी पुन्हा रुजू झाल्याचा दुसरा अहवाल. हजेरीपत्रकाच्या महिनावार प्रती, आणि प्रशिक्षण संपल्याचा किंवा कार्यमुक्त केल्याचा कागद. शिवाय योजनेचं स्वतःचं प्रमाणपत्र हाती आलं असेल तर तेही घ्यावं, कारण दोन्ही कागदांवरच्या तारखा जुळायला हव्यात.

बँकेचं पासबुकही बरोबर ठेवावं, पण त्यावरून तारखा काढू नयेत. विद्यावेतन थेट खात्यात जमा व्हायचं आणि पुष्कळदा उशिरा यायचं. फेब्रुवारीचे पैसे एप्रिलमध्ये आले म्हणून एप्रिलपर्यंत काम झालं असं होत नाही. पैसे मिळाल्याचा पुरावा म्हणून पासबुक चालतं, हजर असल्याचा पुरावा म्हणून हजेरीपत्रकच लागतं.

यातला एखादा कागद नसेल तर कार्यालयाच्या आवक नोंदवहीत त्या तारखेची नोंद शोधता येते. रुजू अहवाल दिला होता एवढं आठवत असलं तरी लिपिक पान उलटून क्रमांक सांगू शकतात. तोही न मिळाल्यास पहिल्या महिन्याच्या हजेरीपत्रकावरची पहिली सही हीच रुजू तारीख धरावी. त्याआधीची तारीख कोणी मायेने लिहून देत असलं तरी घेऊ नये.

भूमिका

दाखल्यातलं पहिलं वाक्य आपण कोण होतो ते सांगतं, आणि बहुतेक दाखले तिथेच बिघडतात. कार्यप्रशिक्षण योजनेतला माणूस प्रशिक्षणार्थी असतो, त्याला विद्यावेतन मिळतं, पगार नाही. शिकाऊ उमेदवारांच्या बाबतीत तर १९६१ च्या कायद्यात कलम १८ मध्ये स्पष्टच म्हटलं आहे की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षण घेणारा आहे. ही योजना वेगळी असली तरी नातं त्याच जातीचं आहे. म्हणून "संगणक ऑपरेटर म्हणून नोकरी" याऐवजी "मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेअंतर्गत प्रशिक्षणार्थी" असं लिहावं, आणि कोणत्या शाखेत ते पुढे जोडावं: आस्थापना, लेखा, आवक-जावक, जे असेल ते.

याला आणखी एक बाजू आहे, जी कार्यालयातले लोक उघड बोलत नाहीत. या योजनेतल्या प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलनं केली. त्यानंतर पुष्कळ अधिकारी सावध झाले. "नोकरी", "पद", "कर्मचारी" हे शब्द असलेल्या कागदावर सही केली तर उद्या तोच कागद हक्क सांगायला पुढे येईल, अशी धास्ती त्यांना वाटते. काही ठिकाणी म्हणूनच "अनुभव" हा शब्दसुद्धा टाळला जातो आणि दाखला द्यायलाच नकार मिळतो. अशा वेळी शीर्षक "कार्यप्रशिक्षण अनुभव प्रमाणपत्र" असं सुचवावं आणि मजकुरात शेवटी एक ओळ आपणहून घालावी: हे प्रमाणपत्र केवळ प्रशिक्षणाच्या अनुभवाबाबत आहे, त्याआधारे नियुक्तीचा हक्क निर्माण होत नाही. या ओळीने आपलं काही जात नाही. पुण्याच्या कंपनीला आपला सरकारी नोकरीवरचा हक्क नको असतो, आपण काय शिकलो ते हवं असतं. पण साहेबांची अडचण मिटते आणि सही होते. नकाराला सामोरं जाण्याचा माझ्या पाहण्यातला हा सर्वांत कामाचा उपाय आहे.

प्रत्यक्ष केलेलं काम

"कार्यालयाचे सर्व कामकाज सांभाळले" हे वाक्य वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. सर्व कामकाज कोणीच सांभाळत नाही, कार्यालयाचा प्रमुखही नाही. त्याऐवजी प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावेत. हाताने नेमकं काय केलं? कशावर केलं, म्हणजे कोणती नोंदवही, कोणती नस्ती, कोणतं सॉफ्टवेअर? आणि ते कोण तपासत होतं?

आमच्या उदाहरणातल्या मुलीला विचारलं तेव्हा ती आधी म्हणाली, "टायपिंग आणि वरकड कामं." मग हळूहळू निघालं ते असं. सकाळी आलेलं टपाल ती आवक नोंदवहीत चढवायची, क्रमांक टाकून संबंधित टेबलावर द्यायची आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. दुपारनंतर जुनं दप्तर. सरकारी दप्तर सहा गठ्ठा पद्धतीने लावतात. चालू प्रकरणं, इतर कार्यालयांच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, ठरावीक मुदतीची विवरणं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणं आणि नाश करायचे कागद असे गठ्ठे वेगळे करावे लागतात. ते काम तिने लिपिकाच्या हाताखाली केलं होतं आणि निकाली नस्त्यांची यादी एक्सेलमध्ये तयार केली होती. त्या यादीच्या छापील प्रतीवर लिपिकाची सही होती आणि शेवटचा अनुक्रमांक ४१२ होता.

वरकड कामं म्हणून तिने जे झटकून टाकलं होतं तेच दाखल्यातलं सर्वांत वजनदार वाक्य ठरलं. एखाद्या गोदामात किंवा लेखा कार्यालयात कागद लावायला माणूस हवा असेल तर ४१२ नस्त्यांची तपासलेली यादी हे त्यांना लगेच समजतं. आकडा मात्र असा कुठेतरी लिहिलेला असावा. "सुमारे हजार नस्त्या" असं आठवणीवरून लिहू नये, कारण कोणी कार्यालयात फोन करून विचारलं तर लिपिकाला ते सांगता येणार नाही.

देखरेखीचा उल्लेख केल्याने काम कमी दिसेल अशी भीती मुलांना वाटते. खरं तर उलट होतं. "आवक-जावक विभाग सांभाळला" असं वाचलं की बाईस-तेवीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थीकडे अख्खा विभाग कसा, असा प्रश्न पडतो. "आवक लिपिकांच्या देखरेखीखाली टपालाची नोंद घेतली" हे वाचलं की कोणाला शंका येत नाही, आणि ती नोंद कशी घेतात ते मुलाखतीत विचारलं तर मुलगी न अडखळता सांगते. दाखल्यातल्या प्रत्येक ओळीवर मुलाखतीत लागोपाठ दोन-तीन प्रश्न आले तर उत्तर देता येईल का, हे पाहावं. ज्या ओळीवर उत्तर येत नाही ती काढून टाकावी. कामं तीन किंवा चारच लिहावीत. शिपाई नव्हता तेव्हा चहा सांगितला, झेरॉक्स काढून आणली, हे दाखल्यात लागत नाही.

कालावधी

तिच्या कागदांवरून तारखा अशा निघाल्या. पहिल्यांदा रुजू सोमवार, २ सप्टेंबर २०२४. सहा महिने पूर्ण शनिवार, १ मार्च २०२५. मग वाढीव मुदतीचा आदेश कार्यालयात येईपर्यंत ती घरी होती. पुन्हा रुजू सोमवार, १७ मार्च २०२५ आणि पाच महिने पूर्ण शनिवार, १६ ऑगस्ट २०२५.

जुन्या दाखल्यात फक्त "सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५" होतं. बोटांवर महिने मोजले तर ते बारा होतात. प्रत्यक्षात प्रशिक्षण अकरा महिन्यांचं, आणि मध्ये पंधरा दिवसांचा खंड. जाहिरातीत "किमान एक वर्षाचा अनुभव" अशी अट असली तर या दाखल्याने ती पुरी होते असं दिसतं, आणि पडताळणीत हजेरीपत्रक मागवलं की पुरी होत नाही असं निघतं. त्या वेळी उमेदवारी तर जातेच, खोटी माहिती दिल्याचा शेराही बसू शकतो. म्हणून कालावधी नेहमी दिवस, महिना आणि वर्षासह, दोन तुकड्यांत लिहावा: २ सप्टेंबर २०२४ ते १ मार्च २०२५ आणि १७ मार्च २०२५ ते १६ ऑगस्ट २०२५, एकूण ११ महिने. दोन तुकडे दिसले की "मध्ये काय झालं?" हा प्रश्न येतोच, म्हणून कारणही त्याच वाक्यात द्यावं: योजनेचा प्रशिक्षण कालावधी वाढवण्यात आल्याने पुन्हा रुजू. एवढं लिहिलं की खंड तिच्या वागण्यामुळे पडलेला नाही हे स्पष्ट होतं.

दिवस मोजताना पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरावेत. पहिला तुकडा १८१ दिवसांचा आहे, दुसरा १५३ दिवसांचा. दाखल्यात हे आकडे लिहायची गरज नाही, पण महिन्यांचा हिशेब बरोबर आहे की नाही ते यावरून ताडता येतं.

इथे एक बारीक पेच आहे. राज्य सरकारच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. १ मार्च आणि १६ ऑगस्ट दोन्ही शनिवार. १५ ऑगस्टला शुक्रवारी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. म्हणजे हजेरीपत्रकावर तिची शेवटची सही गुरुवार, १४ ऑगस्टची, आणि दाखल्यावर १६ ऑगस्ट. हा फरक चूक नाही, कारण कालावधी आदेशाप्रमाणे मोजला जातो. मात्र कार्यमुक्तीच्या कागदावर १४ तारीख पडली असेल तर दाखल्यातही "१४ ऑगस्ट २०२५ रोजी कार्यालयीन वेळेनंतर कार्यमुक्त" असं लिहून घ्यावं. दोन कागदांवर दोन तारखा आणि स्पष्टीकरण कुठेच नाही, ही स्थिती राहू देऊ नये.

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहावा. ०२/०९/२०२४ हे परदेशी कंपनीच्या कार्यालयात ९ फेब्रुवारी असंही वाचलं जातं.

"सलग" आणि "अखंड" हे दोन शब्द मजकुरात नकोत. तिने दुसऱ्या तुकड्यात परीक्षेसाठी काही दिवस सुट्टी घेतली होती. ते दाखल्यात सांगायची गरज नाही, कोणी विचारलंही नव्हतं. पण "अखंड हजर" असं लिहिलं की ते खोटं होतं.

महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमातून केलेल्या प्रशिक्षणाचा दाखला असेल तर महिन्यांपेक्षा तास महत्त्वाचे. पदव्युत्तर पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांचं प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण असतं. एका श्रेयांकाला ३० तास धरले जातात, म्हणजे १२० तास. अशा दाखल्यात सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि एकूण तास ही तिन्ही हवीत. नुसतं "एक महिना" लिहिलेला दाखला महाविद्यालयातून परत येतो.

वर्तणूक

"अत्यंत हुशार, मेहनती व प्रामाणिक" ही शब्दांची माळ प्रत्येक दाखल्यात असते, त्यामुळे वाचणारा ती वाचतच नाही. वर्तणुकीबद्दल लिहायचं तर सही करणाऱ्याला जे माहीत आहे तेवढंच लिहावं. इथे प्रश्न येतो की सही कोण करतं आहे.

ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्रशिक्षण झालं तेच अजून तिथे असतील तर ते स्वतःच्या निरीक्षणावरून लिहू शकतात. त्यांना "चांगली मुलगी" याच्या पुढे न्यायला एकच प्रश्न पुरतो: साहेब, तिच्यावर तुम्ही कोणतं काम डोळे झाकून सोडत होता? आमच्या उदाहरणात उत्तर आलं, नस्त्या. कपाटातून काढलेली नस्ती त्याच दिवशी जागेवर परत जायची आणि तिच्यातला मजकूर बाहेर बोलला जात नव्हता. मग दाखल्यात वाक्य झालं: "कार्यालयीन अभिलेख हाताळताना त्यांनी गोपनीयता पाळली व नस्त्या वेळेत परत केल्या."

साहेबांची बदली झाली असेल तर नव्या अधिकाऱ्याकडून स्वतःचं निरीक्षण असल्यासारखी वाक्यं लिहून घेऊ नयेत. ते कालपरवा आलेले असतात आणि त्यांच्या रुजू तारखेवरून ते लगेच उघड होतं. त्यांनी लिहायचं ते "कार्यालयीन अभिलेखानुसार" या शब्दांनी सुरू व्हावं: प्रशिक्षण कालावधीत त्यांच्याविरुद्ध तक्रार अथवा लेखी समज दिल्याची नोंद आढळत नाही. हे वाक्य कोरडं वाटतं, पण पडताळणी करणाऱ्याच्या दृष्टीने ते स्तुतीपेक्षा अधिक पक्कं आहे, कारण ते नोंदींवर टेकलेलं आहे. कोणी "चारित्र्य उत्तम आहे" असं लिहू लागलं तर तेही थांबवावं. चारित्र्य पडताळणीचा दाखला पोलीस देतात. कार्यालयाला फक्त कार्यालयातल्या वागण्याबद्दल सांगता येतं.

शुभेच्छांची ओळ राहिली तरी चालेल. मी ती काढतो, कारण तिच्यामुळे कागद निरोप समारंभातल्या मानपत्रासारखा दिसतो.

नवा मजकूर

वरच्या सगळ्यातून तयार झालेला दाखला असा. कार्यालयाच्या शीर्षपत्रावर, वर जावक क्रमांक आणि दिनांक:

"कार्यप्रशिक्षण अनुभव प्रमाणपत्र

प्रमाणित करण्यात येते की, कु. (दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे पूर्ण नाव), रा. (गाव), ता. पाटण, जि. सातारा यांनी मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेअंतर्गत या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत प्रशिक्षणार्थी म्हणून दि. २ सप्टेंबर २०२४ ते १ मार्च २०२५ आणि, योजनेचा प्रशिक्षण कालावधी वाढविण्यात आल्याने पुन्हा रुजू होऊन, दि. १७ मार्च २०२५ ते १६ ऑगस्ट २०२५ असे एकूण ११ महिने प्रशिक्षण घेतले आहे. या कालावधीत त्यांना योजनेनुसार विद्यावेतन अनुज्ञेय होते.

प्रशिक्षण कालावधीत त्यांनी आवक लिपिकांच्या देखरेखीखाली टपालाची नोंद घेणे व संबंधित शाखांना वितरण करणे, सहा गठ्ठा पद्धतीनुसार अभिलेखाचे वर्गीकरण करण्यास सहाय्य करणे, निकाली काढलेल्या ४१२ नस्त्यांची एक्सेलमध्ये यादी तयार करणे व मराठी युनिकोडमध्ये पत्रव्यवहाराचे टंकलेखन करणे ही कामे केली.

कार्यालयीन अभिलेख हाताळताना त्यांनी गोपनीयता पाळली व नस्त्या वेळेत परत केल्या. त्यांच्याविरुद्ध तक्रार अथवा लेखी समज दिल्याची नोंद कार्यालयात नाही.

हे प्रमाणपत्र त्यांच्या विनंतीवरून, प्रशिक्षणाच्या अनुभवाबाबत देण्यात येत आहे. त्याआधारे नियुक्तीचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. यापूर्वी दि. (तारीख) रोजी दिलेले प्रमाणपत्र रद्द समजावे."

खाली सही, सहीखाली कंसात अधिकाऱ्याचं नाव, पदनाम, कार्यालयाचा दूरध्वनी आणि कार्यालयीन ईमेल. शिक्का सहीच्या बाजूला मारावा, सहीवर किंवा नावावर नको. शिक्क्याखाली नाव झाकलेलं असलं की सही कोणाची ते पडताळणी करणाऱ्याला कळत नाही आणि कागद बाजूला पडतो. कोणाचा खासगी मोबाइल क्रमांक देऊ नये. बदली झाली की तो उपयोगाचा राहत नाही, आणि खासगी क्रमांकावरून दिलेली पुष्टी मोठ्या कंपन्या ग्राह्यही धरत नाहीत.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर दाखला प्रशिक्षणाच्या वेळच्या नावानेच घ्यावा. हजेरीपत्रकावर तेच नाव असतं. नव्या नावाचा पुरावा अर्जासोबत वेगळा जोडता येतो.

अर्ज आणि जुना दाखला

हा मजकूर स्वतः टाइप करून जुन्या सही-शिक्क्याखाली चिकटवायचा मोह काहींना होतो. तारीख खोडून दुरुस्त करणं, स्कॅन करून एखादा शब्द बदलणं हेही त्यातच आलं. मजकूर खरा असला तरी असं करू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली बनावट दस्तऐवज तयार करणं हा गुन्हा आहे. शिवाय कार्यालयाच्या स्थळप्रतीत जुनेच शब्द असतात, त्यामुळे बदल पहिल्या फोनलाच उघडा पडतो. दुरुस्ती कार्यालयानेच करायची.

त्यासाठी कार्यालय प्रमुखांच्या नावे साधा अर्ज द्यावा. विषय: प्रशिक्षण प्रमाणपत्रात दुरुस्ती करून नवीन प्रमाणपत्र मिळणेबाबत. मजकुरात तीनच गोष्टी. जुन्या दाखल्यात पदाचा उल्लेख, कालावधी आणि कामाचं स्वरूप कार्यालयीन नोंदींशी जुळत नाही. नोंदींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. प्रस्तावित मसुदा सोबत दिला आहे. "तुमची चूक झाली" असा सूर नको, "नोंदींप्रमाणे दुरुस्त व्हावे" एवढंच पुरे. अर्जाच्या दोन प्रती घेऊन जाव्यात आणि एकीवर आवक क्रमांक घालून घ्यावा. मसुदा कागदावर द्यावा आणि पेन ड्राइव्हमध्ये किंवा ईमेलनेही द्यावा. लिपिकाला तो पुन्हा टाइप करावा लागला तर तारखांत चूक शिरते, आणि कामही मागे पडतं.

मसुद्यातलं एखादं वाक्य साहेबांनी खोडलं तर वाद घालू नये, कारण विचारावं. ४१२ या आकड्यावर आक्षेप आला तर सही असलेली यादी दाखवावी. गोपनीयतेचं वाक्य त्यांना नको असेल तर ते जाऊ द्यावं. पण "प्रशिक्षणार्थी" हा शब्द आणि कालावधीचे दोन तुकडे यांवर तडजोड करू नये. "एवढ्या तारखा कशाला, एक वर्ष लिहू" असं कोणी म्हणालं तर विशेषच.

नवा दाखला घेताना जुना मूळ दाखला कार्यालयात परत द्यावा आणि तो परत दिल्याची नोंद स्थळप्रतीवर करून घ्यावी. एकाच काळाचे दोन वेगळे दाखले बाहेर फिरत राहिले तर नेमका चुकीचा पुढे येतो. तो आधीच कुठे जोडला असेल, म्हणजे एखाद्या भरतीच्या अर्जात किंवा कंपनीच्या पोर्टलवर, तर तिथे नव्या दाखल्याची प्रत पाठवून लिहावं की आधीच्या प्रमाणपत्रातला पदाचा आणि कालावधीचा उल्लेख कार्यालयाने दुरुस्त केला आहे. पडताळणी सुरू होण्याआधी असं पत्र गेलं तर लपवाछपवीचा आरोप राहत नाही.

पुण्यात किंवा राज्याबाहेर इंग्रजी प्रत लागते. ती मराठीवरून आपण भाषांतर करून चालत नाही, तिच्यावरही कार्यालयाची सही आणि स्वतंत्र जावक क्रमांक हवा. तिच्यात "ट्रेनी" आणि "स्टायपेंड" हेच शब्द असावेत. "एम्प्लॉयी" आणि "सॅलरी" घातले की मराठी दाखल्यातून काढलेली अडचण इंग्रजीतून परत येते. दोन्ही प्रती एकाच दिवशी सहीला ठेवाव्यात, म्हणजे तारखा आणि सही करणारा अधिकारी एकच राहतो. घरी आल्यावर दोन्ही मूळ प्रती स्कॅन करून ठेवाव्यात आणि अर्जांना स्कॅनच जोडावा. मूळ प्रत फक्त दाखवायला न्यावी, कोणाकडे जमा करू नये.